दोन सराफ, दोन अक्षरं आणि सासूबाईंचा हिरा

«सासूबाईंनी दिलेली हिऱ्याची अंगठी लेकीच्या साखरपुड्यासाठी नव्याने घडवायची आहे. पिवळ्या सोन्यात एकच गोल हिरा आहे, वरून मोजला तर साधारण सहा मिलिमीटर. कॉलेज रोडच्या शोरूममध्ये म्हणाले, कलर ‘जी’ आहे. सराफ बाजारातल्या आमच्या नेहमीच्या सराफांनी अंगठी आडवी धरून भिंगातून पाहिली आणि म्हणाले, ‘के’च्या वर जाणार नाही. मला तर घरी तो पांढराशुभ्र दिसतो. लेकीला प्लॅटिनम हवंय. खरं कोण सांगतंय? आणि हा मोडून नवा घ्यावा का?»
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई, दोघांपैकी कुणालाही लगेच खोटं ठरवू नका. अंगठीत जडवलेल्या हिऱ्याचा रंग एका अक्षरात सांगताच येत नाही. जाणकार माणूस फार तर ‘एच ते जे’ किंवा ‘आय ते के’ असा पट्टा सांगेल. एक अक्षर छातीठोकपणे सांगणारा सराफ कॉलेज रोडचा असो की सराफ बाजारातला, त्याने अंदाजालाच निकाल म्हणून पुढे केलेलं असतं. माझी तक्रार असली तर एवढीच.

ही अक्षरं कुठली, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने १९५०च्या दशकात ही पट्टी रूढ केली आणि आता जगभर तीच चालते. ती ‘डी’पासून सुरू होते आणि ‘झेड’ला संपते. त्याआधी व्यापारात ए, डबल ए अशी अक्षरं जो तो आपापल्या सोयीने वापरत होता. त्या गोंधळाशी नातं नको म्हणून सुरुवातच चौथ्या अक्षरापासून केली. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन. जी ते जे म्हणजे जवळजवळ रंगहीन. के, एल, एम मध्ये किंचित झाक. तिथून पुढे रंग हळूहळू चढत जातो आणि एस ते झेड हा सरळ हलका पिवळा. तुमच्या दोन सराफांच्या बोलण्यात चार पायऱ्यांचं अंतर आहे आणि ‘जे’ व ‘के’ यांच्यामधली गटाची हद्दही त्यातच येते. म्हणजे भावात चांगलाच फरक पडणार.

हा पिवळेपणा वरून चढलेला नसतो, घासून-पुसून जाणारही नसतो. हिरा म्हणजे कार्बन. पण जमिनीच्या पोटात तो घडताना काही कार्बन अणूंच्या जागी नायट्रोजनचे अणू बसतात. हे नायट्रोजनचे पुंजके प्रकाशातला निळा-जांभळा भाग थोडा गिळतात आणि उरलेला प्रकाश आपल्याला पिवळसर दिसतो. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजन कमी-जास्त असतोच, म्हणून खरोखर रंगहीन हिरा दुर्मीळ आणि महाग.

आता तुम्हाला घरी तो पांढरा का दिसला? तुम्ही अंगठी बोटात घालून वरून पाहिलीत. हिऱ्याला पैलू पाडतात ते नेमके याचसाठी की वरून शिरलेला प्रकाश आत उसळून पुन्हा वरच परत यावा. त्या लखलखाटात फिकट झाक बुडून जाते. ‘जी’ आणि ‘जे’ शेजारी ठेवून वरून पाहिले तर सरावलेल्या डोळ्यालाही क्षणभर विचार करावा लागतो. म्हणूनच रंग पाहताना हिरा पालथा ठेवतात. वरचा सपाट पैलू, ज्याला टेबल म्हणतात, तो खाली आणि निमुळतं टोक वर. मग बाजूच्या तिरप्या पैलूंतून आरपार पाहायचं. तिथे लखलखाट शांत असतो आणि दगडाचा स्वतःचा रंग कळतो.

अंगठीत हे करता येत नाही, कारण टोकाची बाजू कोंदणात असते. वर पिवळं सोनं आपला हात दाखवतं. हिरा धरणारे, खाली वाकलेले प्राँग आणि कोंदणाची आतली भिंत यांचं पिवळं प्रतिबिंब हिऱ्यात उतरतं. तुमच्या सराफांनी अंगठी आडवी धरून कडेने पाहिली असेल, तर त्यांना हिऱ्याच्या रंगात सोन्याची भर पडलेली दिसली असणार. तिकडे शोरूममध्ये वरून प्रखर पांढरे स्पॉट दिवे, अंगठी वरून पाहिलेली आणि भोवती पिवळं सोनं. पिवळ्या चौकटीत फिकट पिवळा दगड आहे त्याहून पांढरा भासतो. म्हणजे एकाने उणं मोजलं, दुसऱ्याने अधिक, आणि दोघांनीही आपल्या डोळ्याला दिसलं तेच सांगितलं असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

एक गोष्ट घरीच तपासा. अंगठी उलटी करून हिऱ्याच्या मागची बाजू उघडी आहे की बंद, ते बघा. जुन्या दागिन्यांत कोंदण मागून बंद असतं आणि कधी कधी हिऱ्याखाली चकाकी वाढवायला पातळ वर्ख घातलेला असतो. तसं असेल तर आतापर्यंत कुणीही सांगितलेला रंग विसरून जा. वर्ख काळवंडतो, त्यात ओल शिरते आणि वरून दिसतो तो रंग निम्मा त्या वर्खाचाच असतो.

तेव्हा हिरा काढावाच लागेल. तो तुमच्यासमोर काढून घ्या. तसंही प्लॅटिनममध्ये बसवायचा तर काढायचाच आहे, मग आधी काढून रंग पाहायला काय हरकत? काढण्याआधी भिंगातून त्याच्या आतला एखादा ठिपका किंवा रेघ तुम्ही स्वतः बघून ठेवा, कुठे आहे ते कागदावर काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या. सहा मिलिमीटरचा गोल हिरा साधारण ऐंशी सेंटचा भरतो, म्हणजे एका कॅरेटचे शंभर सेंट धरले तर ०.८० कॅरेट. जुनी घडण असेल तर खोलीप्रमाणे थोडं पुढे-मागे होईल. काढल्या काढल्या तुमच्यादेखत काट्यावर वजन करून पावतीवर लिहून घ्या. हे संशय म्हणून नाही. चांगला सराफ स्वतःच असं करतो, कारण त्यात त्याचीही सोय असते.

मग हिरा स्वच्छ करायचा. ही पायरी लोक सहज वगळतात. वर्षानुवर्षं बोटात राहिलेल्या हिऱ्याच्या कडेला, म्हणजे जिला गर्डल म्हणतात त्या कमरेला, साबण, तेल आणि पिठाचा थर बसलेला असतो. जुन्या हिऱ्यांची कड बऱ्याचदा खरखरीत असते, तिथे मळ आणखी धरून राहतो. हिरा पालथा ठेवला की त्या कडेचा करडा-पिवळा रंग पूर्ण दगडात पसरल्यासारखा दिसतो आणि फुकट एखादं अक्षर खाली येतं. सराफाकडे वाफेचं यंत्र असतं, नसेल तर स्पिरिटमध्ये बुडवून, मऊ कापडाने पुसून आणि चिमट्याने उचलून ठेवायचा. त्यानंतर बोट लावायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. रंग एकट्या हिऱ्याकडे बघून ठरत नाही, तो शेजारी ठेवून ठरतो. जुनं पांढरं उपरणं कपाटातून काढलं तर पांढरंच वाटतं. नव्या कोऱ्या उपरण्याशेजारी ठेवलं की त्याचा पिवळेपणा कळतो. हिऱ्यासाठी हे कोरं उपरणं म्हणजे मास्टर स्टोन. हे खरे हिरेच असतात, साधारण एका मापाचे, गोल घडणीचे, डोळ्यांना डाग न दिसणारे, आणि प्रत्येकाचं अक्षर आधीच निश्चित झालेलं. तुमच्या सराफांना सरळ विचारा, ‘मास्टर सेट आहे का, आणि तो हिऱ्यांचा आहे की सीझेडचा?’ सीझेड म्हणजे क्यूबिक झिर्कोनिया, हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम दगड. त्याचे सेट स्वस्त पडतात म्हणून बरेच जण ठेवतात. पण सीझेड हा वेगळाच दगड. त्याची चमक हिऱ्यासारखी नाही, त्यातून फुटणारे रंग हिऱ्याहून जास्त आणि काही सेटचा रंग काळाबरोबर बदलतो. त्यावर पट्टा काढता येईल, अक्षर काढू नये.

उजेडाबद्दल लोक हट्ट धरतात, आणि धरावाच. पांढरा, दिवसाच्या उजेडासारखा दिवा लागतो, साधारण ६००० ते ६५०० केल्व्हिनचा, हिऱ्यापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवर. पिवळ्या बल्बखाली ‘एफ’ सुद्धा ‘एम’ दिसेल. पूर्वी दिव्यांची ही सोय नव्हती तेव्हा उत्तरेकडच्या खिडकीजवळ बसून रंग बघत, कारण उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. पण ऐन उन्हाळ्यातली दुपार आणि श्रावणातलं ढगाळ आकाश यांत फार अंतर आहे, आणि सराफ बाजारातल्या अरुंद बोळीत समोरच्या भिंतीचा रंगही आत येतो. म्हणून दिवाच बरा. बघताना अंगावर भडक साडी किंवा समोर पिवळी भिंत नको. पांढऱ्या, चकाकी नसलेल्या कागदाला घडी घालून पन्हाळीसारखा खाचा करायचा, हिरे त्या खाचेत पालथे ठेवायचे आणि तीस-चाळीस सेंटिमीटरवरून बघायचं.

समजा, तुमचा हिरा काढला आणि वजन भरलं ८१ सेंट. सेट समोर आहे. आधी त्याला ‘जी’च्या मास्टरशेजारी ठेवला. तो स्पष्टपणे जास्त पिवळा दिसतो, म्हणजे शोरूमचं ‘जी’ बाद झालं. मग ‘के’शेजारी ठेवला. आता तो स्पष्टपणे फिका दिसतो, म्हणजे ‘के’ही बाद. मधल्या ‘एच’शेजारी ठेवला तरी तो थोडा गडदच. मग ‘आय’. इथे फरक इतका बारीक होतो की एकाच बाजूला ठेवून भागत नाही. आधी मास्टरच्या डावीकडे ठेवायचा, मग उचलून उजवीकडे. तुमचा हिरा दोन्ही बाजूंना ‘आय’पेक्षा किंचित गडद दिसला. आता ‘जे’. डावीकडे तो ‘जे’पेक्षा फिका, उजवीकडेही फिका. म्हणजे तो ‘आय’ आणि ‘जे’ या दोन मास्टरच्या मध्ये बसला.

अक्षर कुठलं? ‘आय’. जीआयएच्या पद्धतीत मास्टर हा त्या अक्षराच्या वरच्या हद्दीवर बसलेला असतो, म्हणजे त्या अक्षरातला सर्वांत कमी रंगाचा हिरा. ‘आय’चा मास्टर ही ‘आय’ची सुरुवात आणि ‘जे’चा मास्टर ही ‘जे’ची सुरुवात. दोन्हींच्या मधलं सगळं ‘आय’. म्हणून दोन ‘आय’ हिरे शेजारी ठेवले की एक दुसऱ्यापेक्षा पिवळा दिसू शकतो आणि दोघांचे कागद बरोबरच असतात.

डावी-उजवी बाजू का बदलायची, हेही सांगते, कारण कुणी हे टाळलं तर तुम्हाला पकडता येईल. आपल्या दोन डोळ्यांपैकी एकाची सरशी असते, त्यामुळे एका बाजूचा दगड नेहमी थोडा गडद भासतो. हिरा आणि मास्टर हुबेहूब एकाच रंगाचे असले तर एका बाजूला ठेवल्यावर तुमचा हिरा गडद दिसतो आणि दुसऱ्या बाजूला फिका. हे उलट-सुलट दिसणं हीच जुळल्याची खूण. तुमचा हिरा ‘जे’शेजारी असा दिसला असता तर त्याचं अक्षर ‘जे’ झालं असतं. एकाच बाजूला ठेवून सांगणारा इथे सहज एक अक्षर चुकतो.

आणखी एक खाचखळगा म्हणजे माप. मास्टर बहुतेक वेळा तीस-चाळीस सेंटचे असतात, तुमचा ऐंशीच्या घरातला. दगड जाड असेल तेवढा प्रकाश आतून जास्त अंतर जातो आणि रंग जास्त जाणवतो. शिवाय टोकाजवळ आणि कडेशी रंग साचल्यासारखा दिसतो. त्यामुळे दोन्ही हिऱ्यांचा एकच भाग ताडून बघायचा. याचं टोक आणि त्याचं पोट अशी तुलना करायची नाही. एकटक बघत बसायचं नाही, डोळा थकला की सगळंच सारखं दिसू लागतं. दोन-तीन सेकंद बघायचं, नजर पांढऱ्या कागदाकडे वळवायची, पुन्हा बघायचं.

आता राहिला तो मुद्दा, ज्यामुळे एकच हिरा एका दुकानात वेगळा आणि दुसऱ्या दुकानात वेगळा दिसतो. काही हिरे अतिनील किरणांखाली चमकतात आणि बहुतेक वेळा ती चमक निळी असते. उन्हात अतिनील किरण असतात. ती निळी चमक पिवळेपणावर उतारा ठरते आणि हिरा आहे त्याहून पांढरा वाटतो. रात्री एलईडीच्या दिव्याखाली हे किरण जवळपास नसतात, तेव्हा दबलेला पिवळा रंग परत येतो. तुम्ही घरी गॅलरीत उजेडात पाहिलं असेल तर पांढराशुभ्र दिसण्याचं हेही एक कारण असू शकतं. तपासणं अवघड नाही. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, अंधारात तो हिऱ्यावर धरायला सांगा. दिव्यात डोळे घालू नका, बाजूने बघा. हिरा निळा उजळला तर रंग सांगणाऱ्याने कुठल्या दिव्याखाली पाहिलं, ते विचारणं भाग आहे. न उजळला तर या मुद्द्याची काळजी सोडा.

निळी चमक म्हणजे खोट, असं बाजारात सरसकट म्हणतात आणि त्या नावाने भाव पाडतात. मला ते पटत नाही. जीआयएने १९९७ साली छापलेल्या पाहणीत साध्या माणसांना वरून पाहताना या चमकेमुळे काही ठरावीक फरक जाणवला नाही, आणि जाणकारांना तर जोरदार निळ्या चमकेचे हिरे वरून उलट थोडे बऱ्या रंगाचे वाटले. अगदी जोरदार चमकेचा एखादाच हिरा दुधाळ, तेलकट दिसतो. तसा तुमचा असेल तर तो उन्हात तुम्हालाच धूसर दिसेल.

हे सगळं तुमच्या सराफांनी नीट केलं, तरी पैशांचा निर्णय त्यावर घेऊ नका. मोकळा हिरा मुंबईला जीआयए किंवा आयजीआयच्या प्रयोगशाळेत पाठवा. नाशिकचे बरेच सराफ विम्यासह पाठवून देतात, नाहीतर स्वतः घेऊन जा. जीआयए रंगाचा दाखला मोकळ्या हिऱ्यालाच देते. अंगठीसकट पाहून रिपोर्ट देणारेही आहेत, पण त्यावर बहुधा पट्टाच येतो, आणि आपलं भांडण तर त्या पट्ट्यावरूनच चाललंय. प्रयोगशाळेत आधी तो हिराच आहे ना आणि नैसर्गिक आहे ना, हे पाहतात. मग रंग एकाहून जास्त परीक्षक स्वतंत्रपणे बघतात. तरीही दोन प्रयोगशाळांत एका अक्षराचा फरक पडू शकतो, त्यावरून रागावू नका. चार अक्षरांचा पडला तर मात्र हिरा तोच आहे ना, हे तुम्ही काढलेल्या ठिपक्यावरून तपासा. रिपोर्टवर रंगाबरोबर फ्लुरोसन्सचा, म्हणजे अतिनील किरणांखालच्या त्या चमकेचा, रकाना आणि मिलिमीटरमधली मापं असतात, तीही सराफांच्या पावतीशी ताडा.

आता लेकीचं प्लॅटिनम. रिपोर्टवर ‘जी’ किंवा ‘एच’ आलं तर बिनधास्त बसवा. ‘आय’ आलं तरी हरकत नाही. गोल घडणीत वरून फरक कळणार नाही, फक्त कडेने बघितल्यावर पांढऱ्या धातूशेजारी किंचित ऊब जाणवेल. ‘जे’ ही सीमारेषा, इथे लेकीलाच दाखवा. मोकळा हिरा पांढऱ्या धातूच्या रिकाम्या अंगठीवर आणि पिवळ्या सोन्याच्या अंगठीवर मेणाने टेकवून, खिडकीच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात, असा दोन्ही ठिकाणी बघू दे. ‘के’ किंवा त्याखाली आलं तर प्लॅटिनम नको. त्यात आजीचा हिरा उगाच पिवळा दिसेल, आणि तोच पिवळ्या सोन्यात छान पांढरा वाटेल. तिला प्लॅटिनमच हवं असेल तर मधला मार्ग आहे. अंगठीचं कडं प्लॅटिनमचं आणि हिरा धरणारे प्राँग व खालची वाटी पिवळ्या सोन्याची. दोन धातूंचं काम करणारा कारागीर शोधावा लागेल, पण तो मिळतो.

मोडून नवा घेण्याबद्दल: रिपोर्ट हातात येईपर्यंत तो विषयच काढू नका. आज तुम्ही मोडायला गेलात तर घेणारा ‘के’ धरून भाव सांगणार आणि तेवढ्याच पैशात नवा देताना ‘जी’चा भाव लावणार. त्यात विकताना घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. आणि भिंगातून बघताना टेबलच्या मधोमध, खालच्या टोकाशी, छोटंसं गोल वर्तुळ दिसलं, वरचा सपाट पैलू लहान आणि माथा उंच वाटला, तर ती हाताने केलेली जुनी घडण असण्याची शक्यता आहे. त्या घडणीला हल्ली वेगळे गिऱ्हाईक आहेत आणि त्यांना ‘जे’-‘के’चा फारसा विटाळ नसतो. अशा हिऱ्याला ‘नव्या पद्धतीने पैलू पाडून पांढरा करून देतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. त्यात वजन जाईल, आणि नायट्रोजन आहे तिथेच राहील.